एका इंजिनाची तीन कामं

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या गोठ्याचे वासे बदलताना आबा खाली पडले आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं. आबा म्हणजे माझे वडील. धुळे तालुक्यातल्या आमच्या गावात ते सुतारकी करायचे. मी जळगावात एका सल्लागार इंजिनीअरच्या कचेरीत नोकरीला होतो. बॉयलर बसवायचे, इंजिनं तपासायची, पाण्याच्या मोटारींचे आराखडे काढायचे, असली आमची कामं. निरोप मिळाला तसा मी एसटीनं धुळ्याला गेलो. तोवर गावकऱ्यांनी आबांना बैलगाडीतून आणून एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात ठेवलं होतं.

पायाला वजन बांधून त्यांना उताणं झोपवलं होतं. हाड जुळेपर्यंत असंच पडून राहायचं, कुशीवरही वळायचं नाही. पुरुषांचा तो वॉर्ड लांबलचक होता आणि वर पत्रा. सकाळी नऊलाच पत्रा तडतडायला लागायचा. दुपारी वीज जायची. धरणांत पाणी नाही म्हणून वीज नाही, असं सगळे म्हणायचे आणि ते खरंही होतं. पंखे थांबले की वॉर्डात एकदम शांतता व्हायची, मग हळूहळू आवाज यायला लागायचे. कुणी सुपानं वारा घालतंय, कुणी पुठ्ठ्यानं. बाहेर टँकरपाशी नातेवाइकांची रांग असायची. एका खाटेला एक मडकं पाणी, हा नियम होता. त्यातच पिणं, तोंड धुणं आणि औषधाची वाटी विसळणं.

मी रजा काढून आबांजवळ बसायला लागलो. तिथंच मोठ्या डॉक्टरीणबाईंची गाठ पडली. हॉस्पिटलचा सगळा कारभार त्यांच्याकडे होता आणि शस्त्रक्रियाही त्याच करायच्या. पन्नाशीच्या, अंगानं किरकोळ, बोलणं तुटक. एका दुपारी आबांचा पाय बघून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुम्ही इंजिनांचं काम करता ना?"

"हो."

"मग जरा माझ्या खोलीत या."

खोलीत त्यांनी टेबलावर एक मोठा नकाशा पसरला. हॉस्पिटलच्या ट्रस्टचे अध्यक्ष म्हणजे धुळ्यातले एक शेठजी. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले, आता कापसाचा व्यापार आणि जळगाव रस्त्यावर कापसातली सरकी काढायचं एक जिनिंग. कापूसच नसल्यामुळे जिनिंग बंद पडलं होतं. तिथं लाकडी कोळशाच्या गॅसवर चालणारं एक जुनं, दणकट इंजिन होतं. ते इंजिन शेठजी हॉस्पिटलला देणार होते. मुंबईच्या एका माणसानं त्यांना योजना काढून दिली होती. इंजिनानं जनित्र फिरवायचं आणि वीज करायची. धुराड्यातून जो तापलेला धूर जातो, त्याच्यावर पाणी तापवून वाफ करायची. त्या वाफेवर उपकरणं निर्जंतुक करायची, स्वयंपाक करायचा, कपडे धुवायचे. आणि त्याच उष्णतेवर चालणारं गारव्याचं यंत्र परदेशातून आणायचं, म्हणजे सगळं हॉस्पिटल थंड. एकाच कोळशात तीन कामं.

"उष्णतेवर गारवा होतो?" बाईंनी विचारलं. "मला हे कळत नाही. खरं सांगा, थापा आहेत का?"

"थापा नाहीत, बाई. होतो." मी त्यांना सोप्या शब्दांत सांगितलं. विजेच्या यंत्रात दाबयंत्र असतं, ते विजेवर फिरतं. या यंत्रात दाबयंत्र नसतं. बंद टाकीत हवा काढून घेतलेली असते, म्हणून तिथं पाणी अगदी थंड असतानाच उकळतं आणि उकळताना आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. ती वाफ एक खारट द्रव शोषून घेतो. द्रव पातळ झाला की त्याला बाहेरून उष्णता देऊन पुन्हा घट्ट करायचा. ही बाहेरून द्यायची उष्णता इंजिनाची.

"मग बरोबर आहे सगळं?"

"कल्पना बरोबर आहे. आकडे तपासायला हवेत."

"तपासा," त्या म्हणाल्या. "शेठजींना मी सांगते. आणि तपासल्यावर त्यांना आवडेल ते सांगू नका, असेल ते सांगा."

शेठजींना ही योजना एवढी का हवी होती, ते मला हॉस्पिटलातल्या मेट्रनबाईंनी सांगितलं. आदल्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांची सून बाळंतपणात गेली. ऑपरेशन थिएटरात वीज गेली होती. कंदील आणि बॅटरीच्या उजेडात बाईंनी शस्त्रक्रिया केली. मूल वाचलं. शेठजी बाहेरच्या बाकावर बसून होते. दार उघडलं तेव्हा आतून भट्टीसारखी झळ आली, आणि मागोमाग बाई आल्या. त्या झळेनंच सून गेली, असं शेठजींच्या मनानं घेतलं होतं. यंत्राला तिचं नाव द्यायचं त्यांनी ठरवलं होतं.

माझ्या साहेबांनी जळगावहून परवानगी दिली. मी कामाला लागलो. सकाळ-संध्याकाळ आबांजवळ, मधल्या वेळात जिनिंगमध्ये.

इंजिन खरंच चांगलं होतं. इंजिन चालू करायला शेठजींनी कोळसा आणवला. निखाऱ्यांच्या उंच टाकीतून इंजिन स्वतःच गॅस ओढून घेत होतं. रुईची यंत्रं पट्ट्यांनी जोडून मी त्याच्यावर भार दिला, धुराच्या नळीत तापमापक घातला, इंजिनाभोवती फिरणारं पाणी किती तापतं ते पाहिलं. शेठजी रोज यायचे. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात छत्री. जरा लांब उभे राहायचे.

"कसं काय, इंजिनीअरसाहेब? तब्येत चांगली आहे ना त्याची?"

"चांगली आहे, शेठजी."

"माझ्या वडिलांनी आणलेलं. कधी दगा नाही दिला त्यानं."

जसजसे आकडे हाती येत गेले, तसतसं माझं मन खट्टू होत गेलं. कोळशाच्या गॅसमध्ये जेवढी उष्णता असते, तिचा जेमतेम चौथा भाग विजेत उतरत होता. बाकीची धुरातून आणि पाण्यातून बाहेर पडत होती. मुंबईच्या माणसानं ही बाकीची सगळीच उष्णता गारव्याच्या यंत्राला लावली होती. तसं होत नाही. इंजिनाभोवतालचं पाणी फार तर साठ अंशांपर्यंत तापत होतं. कपडे धुवायला आणि आंघोळीला ते उत्तम. पण गारव्याच्या यंत्राला उकळायला आलेलं पाणी किंवा वाफ लागते. जुन्या इंजिनाभोवती तेवढं गरम पाणी फिरवलं तर इंजिनच खराब होईल. म्हणजे उरला धूर. धुरातली उष्णताही पूर्ण काढून घेता येत नाही. तो फार थंड केला तर नळीत पाणी आणि डांबर साचून नळी सडते. बराचसा ताप तसाच वर सोडावा लागतो.

आणि जी वाफ मिळणार होती, ती त्या माणसानं दोनदा मोजली होती. एकदा निर्जंतुकीकरणाला आणि तीच पुन्हा गारव्याला. सकाळी उपकरणं वाफेत घालायची वेळ आणि थिएटर गार करायची वेळ एकच. एका वेळी ती वाफ एकाच ठिकाणी जाणार.

मग हॉस्पिटलची बाजू. किती उष्णता बाहेर काढायची आहे, ते मी खोलीखोलीत फिरून मोजलं. भिंतींची जाडी, खिडक्या, पत्र्याचं क्षेत्रफळ, आत माणसं किती. मेट्रनबाई बरोबर असायच्या. कुठल्या खोलीत रात्री किती जण झोपतात ते त्याच खरं सांगू शकत होत्या, कारण एका खाटेला एक नातेवाईक असा नियम असला तरी खाटेखाली तिघं झोपायचे.

पुरुषांच्या वॉर्डात मी फीत लावली तेव्हा आबा बघत होते.

"काय मोजी ऱ्हायना रे?"

मी सांगितलं. इंजिन, धूर, गारवा. आबा सुतार होते, मोजमापाचं त्यांना कौतुक होतं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"मंग आठे व्हई का थंडं?" इथं, या वॉर्डात, असं ते विचारत होते.

तेव्हा माझं गणित जवळजवळ झालेलं होतं. गारव्याचं माप टनात असतं. एक टन बर्फ दिवसभरात वितळताना जेवढी उष्णता ओढून घेतो, तेवढा गारवा म्हणजे एक टन. सगळं हॉस्पिटल थंड करायचं तर साठ टनांच्या वर लागणार होतं. त्या इंजिनाच्या धुरावर सात, फार ओढलं तर आठ टन मिळणार होते. दोन ऑपरेशन थिएटरं आणि नवजात बाळांची खोली, बस. या वॉर्डाच्या नावापुढं मी शून्य लिहिलं होतं.

"नही आबा," मी म्हणालो. "आठे नही."

"कोनले मंग?"

"ऑपरेशननी खोलीले."

आबा वर पत्र्याकडं बघत होते. त्यांच्या कपाळावरून घाम कानात उतरत होता आणि हात वर नेऊन तो पुसायचीही त्यांना इच्छा उरलेली नव्हती. मी पुसला.

"बराबर शे," ते म्हणाले. "फाडेल मानूसले पहिले पाह्यजे."

एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या पाठीला तेव्हा जखमा व्हायला लागल्या होत्या. घामानं चादर ओली व्हायची आणि बदलायला धुतलेली चादर नसायची. धोब्याला पाणीच मिळत नव्हतं.

त्या धोब्यामुळंच मी पाण्याचा हिशोब नीट करायला बसलो. तोवर मी तो शेवटी करू म्हणून बाजूला ठेवला होता. गारव्याचं यंत्र खोलीतली उष्णता ओढतं आणि त्याला चालवायला दिलेली उष्णताही त्याच्यातच शिरते. दोन्ही मिळून बाहेर टाकावी लागते. ती टाकतात मनोऱ्यावर पाणी शिंपडून, पाण्याची वाफ करून. विजेवरच्या यंत्रापेक्षा या यंत्राला जवळजवळ दुप्पट उष्णता टाकावी लागते, म्हणून पाणीही दुप्पट उडतं. शिवाय आमचं पाणी जड, क्षारांचं. वाफ होऊन मागं उरलेलं पाणी अधूनमधून फेकून द्यावं लागणार, नाही तर नळ्यांत थर धरणार. कोळशाचा गॅस धुवायला पाणी, इंजिन थंड ठेवायला पाणी. सगळं धरून रोजचा जवळपास अर्धा टँकर.

हॉस्पिटलला त्या दिवसांत रोज एक टँकर मिळत होता. तोही येईलच असं नव्हतं.

बैठक बाईंच्या खोलीत भरली. शेठजी, बाई, मेट्रनबाई आणि मी. ट्रस्टचे आणखी दोघं यायचे होते, ते आले नाहीत. दुपारचे पंखे बंद होते. शेठजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

मी आधी चांगलं ते सांगितलं. इंजिन टिकाऊ आहे. हॉस्पिटलचे दिवे, पंखे, क्ष-किरणाचं यंत्र, पाण्याची मोटार हे सगळं त्याच्यावर चालेल. मग बाकीचं. साठ टन नाही, सात टन. शेठजी ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही बदललं नाही.

"सात तर सात," ते म्हणाले. "थिएटर थंड होईल ना? मला तेवढंच पाहिजे. बाकीच्याचं पुढं बघू."

"शेठजी, पाणी," मी म्हणालो आणि आकडा सांगितला.

मेट्रनबाईंनी हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली.

"पाण्याचं मी बघतो," शेठजी म्हणाले. "आणखी एक टँकर लावतो. माझा खर्च."

"आणणार कुठून?" बाईंनी विचारलं. "टँकर भरतो त्या विहिरीवर परवा भांडण झालं. एकाचं डोकं फुटलं, त्याला मीच टाके घातले. तुम्ही पैसे द्याल, पण ते पाणी कुणाच्या तरी तोंडचंच असणार."

"मग थिएटर तसंच ठेवायचं? पुन्हा मे महिना आला, बाई. पुन्हा कुणी जाईल."

खिडकीच्या पडद्यामागून टँकरच्या रांगेतला कलकलाट ऐकू येत होता. बाई शेठजींकडं बघत होत्या आणि मला वाटलं, आता आपण इथं नसतो तर बरं झालं असतं.

"शेठजी," त्या म्हणाल्या, "तुमची सून उकाड्यानं नाही गेली."

शेठजींनी मान वर केली.

"त्या दिवशीही मी तुम्हाला सांगितलं होतं. रक्त थांबत नव्हतं. तिच्या गटाच्या दोन बाटल्या आपल्याकडं होत्या. पण दोन दिवस वीज पुरेशी नव्हती, फ्रीज कोमट झाला होता. त्या बाटल्या मी देऊ शकले नाही. दिल्या असत्या तर त्यांनीच ती गेली असती. तुमच्या घरातल्या माणसांचं रक्त तपासेपर्यंत वेळ गेला."

"मला नाही सांगितलं असं," शेठजी म्हणाले.

"सांगितलं होतं. तुम्ही ऐकण्याच्या स्थितीत नव्हता. नंतर तुम्ही त्या खोलीच्या झळेबद्दलच बोलत राहिलात आणि मी पुन्हा काढलं नाही. माझंही धाडस झालं नाही."

शेठजी टोपीची किनार चाचपत राहिले. मग त्यांनी मला विचारलं, "फ्रीजला किती लागते वीज?"

"अगदी थोडी, शेठजी. या इंजिनाच्या मानानं काहीच नाही. पण ती अखंड हवी."

"अगदी थोडी," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून ते शब्द असे आले की मेट्रनबाई उठून बाहेर गेल्या.

पुढचं मी कसंबसं बोललो. माझं मत असं होतं की परदेशी यंत्राचा नाद सोडावा. इंजिन हॉस्पिटलच्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या बाजूला बसवावं, कारण कोळशाचा गॅस विषारी असतो आणि इंजिन बंद करताना थोडा बाहेर सुटतोच. जनित्र हॉस्पिटलला रात्रंदिवस जेवढी वीज लागते त्याच्या बेताचंच घ्यावं आणि कामं वाटून इंजिनावर भार सारखा ठेवावा. इंजिन अर्ध्या भारावर चाललं की कोळसा जास्त खातं आणि धुरातली उष्णताही कमी होते. धुरावरची वाफ फक्त निर्जंतुकीकरणाला द्यावी. इंजिनाभोवतालचं गरम पाणी धोबीखान्यात वापरावं, म्हणजे ते थंड करायला वेगळं पाणी उडवायला नको. आणि एका थिएटरात विजेवरची, वाऱ्यानं थंड होणारी दोन लहान यंत्रं खिडकीत उंचावर बसवावीत. त्यांना पाणी लागत नाही.

"उंचावर का?" बाईंनी विचारलं.

"भुलीच्या ईथरची वाफ जड असते, खाली उतरते. यंत्र खाली असलं आणि ठिणगी पडली, तर ती पेटेल."

"हं." त्यांना हे माहीत होतं, मला माहीत आहे का ते बघत होत्या असं मला नंतर वाटलं.

"तिसरं काम गेलं म्हणजे," शेठजी म्हणाले.

"दोन कामं नक्की होतील. तिसरं धुरावर नाही होत, शेठजी. इथं तरी नाही, या पाण्यावर नाही."

ते उठले. दारापाशी थांबून म्हणाले, "आधी फ्रीज. बाकी तुम्ही म्हणाल तसं." आणि छत्री विसरून उन्हातच चालत गेले. बाईंनी शिपायाला छत्री घेऊन मागं पाठवलं.

त्यानंतर आबा फार दिवस राहिले नाहीत. हाड जुळत आलं होतं, पण सतत उताणं पडून छातीत कफ भरला. त्यांना ताप आला. एवढ्या उकाड्यात ताप किती आहे तेही हाताला कळायचं नाही. बाई दिवसातून दोनदा येऊन छाती तपासायच्या. इंजेक्शनं चालू होती. एका दुपारी पंखे बंद असताना आबांचा श्वास आखडायला लागला. मी पुठ्ठ्यानं वारा घालत होतो. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची मुलगी आपल्या मडक्यातलं पाणी घेऊन आली आणि तिनं पदर भिजवून आबांच्या छातीवर ठेवला. मी नको म्हणालो, तिला तेवढंच पाणी होतं. तिनं ऐकलं नाही. पंखे चालू व्हायच्या आत आबा गेले.

त्यांच्या खाटेखाली माझी मोजायची फीत पडलेली होती. कुणीतरी ती माझ्या पिशवीत टाकली.

बारा-तेरा दिवस गावी राहून मी जळगावला परतलो. साहेबांनी विचारलं, हॉस्पिटलचं काम दुसऱ्याकडं देऊ का. मी नको म्हणालो. कुणाला ते काम तुटक सांगत बसण्यापेक्षा आपणच संपवावं, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. अहवाल लिहून पाठवला. वॉर्डांचे आकडे त्यात तसेच ठेवले. पुढं कधी पाणी आणि मोठं इंजिन मिळालं, तर कुणाला तरी उपयोगी पडतील म्हणून.

इंजिन पुढच्या थंडीत बसलं. जिनिंगमधून ते बैलांनी आणि गड्यांनी लाकडी ओंडक्यांवर सरकवत आणलं. धुराच्या नळीवर बसवायची वाफेची टाकी जळगावच्या एका कारखान्यात तयार झाली. तिच्या तपासणीला आलेल्या सरकारी अधिकाऱ्यानं दोन वेळा परत पाठवली, तिसऱ्यांदा पास केली. पहिल्या दिवशी शेठजींनी नारळ फोडला, पण सुनेच्या नावाची पाटी त्यांनी लावू दिली नाही. पाटी तयार होती, मी ती गुंडाळलेली पाहिली. "राहू द्या," एवढंच ते म्हणाले.

मी अधूनमधून देखभालीला जायचो. धोबीखान्यात गरम पाणी यायला लागलं होतं आणि चादरी रोज बदलल्या जायच्या. तिथं गेलं की मी फार थांबायचो नाही. शेठजी मात्र मला दर वेळी एकाच ठिकाणी सापडायचे. रक्ताच्या फ्रीजसमोर. फ्रीजच्या दाराला बाहेरून दिसेल असा तापमापक त्यांनी लावून घेतला होता. रोज सकाळी दुकानात जाण्याआधी ते येऊन तो बघायचे आणि मेट्रनबाईंना सांगायचे, "बरोबर आहे." नातू बोलायला लागल्यावर त्याला खांद्यावर घेऊन यायचे. त्याला ते काय सांगायचे मला माहीत नाही.

एकदा मी बाईंना विचारलं, "बाई, रोज येतात ते. बरं आहे का हे?"

"मी दोनदा म्हटलं, शेठजी, आम्ही बघतो," त्या म्हणाल्या. "म्हणाले, तुम्ही बघता, मला माहीत आहे. तरी येतात. मी आता काही बोलत नाही."

खिडकीतल्या यंत्रांपैकी एक आलं, दुसरं आलं नाही. ट्रस्टमधल्या लोकांचं म्हणणं पडलं की एकानं भागतंय. एकानं भागत नव्हतं, पण बाईंनी मोठ्या शस्त्रक्रिया पहाटेच्या ठेवल्या आणि उन्हाळा काढला.

काही वर्षांनी सातपुड्यातून कोळसा येणं कमी झालं. जंगल खात्याचे नियम कडक झाले, आणि झाडंही उरली नव्हती. ओला, कच्चा कोळसा येऊ लागला. त्याच्या डांबरानं झडपा चिकटायच्या, इंजिन मध्येच बंद पडायचं. मी कपाशीच्या पऱ्हाटीच्या कोळशावर चालवून पाहिलं, राखेनं जाळी तुंबली. शेवटी ट्रस्टनं डिझेलचं जनित्र घेतलं आणि जुनं इंजिन भंगारात दिलं. मला कळवलं नव्हतं. मी दुसऱ्याच कामासाठी धुळ्याला गेलो होतो, सहज आत डोकावलो तर इंजिनाच्या चौथऱ्यावर कुणीतरी सायकली लावल्या होत्या.

डॉक्टरीणबाई तोवर निवृत्त होऊन गेल्या होत्या. मेट्रनबाई होत्या, त्यांनी चहा पाजला. शेठजींना पक्षाघात झाला होता. मी घरी जाऊन भेटलो. ते खुर्चीत होते, बोलणं नीट समजत नव्हतं. मी माझं नाव सांगितलं, इंजिनाचं सांगितलं नाही. त्यांनी डाव्या हातानं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. संध्याकाळच्या एसटीनं मी जळगावला परत आलो.